सुट्या कॉफीतली चिकोरी आणि फोलपट: घरी काय कळतं, काय कळत नाही

प्रश्न: पेठेतल्या एका दुकानातून दर महिन्याला पावशेर सुटी कॉफी आणतो. ‘८०-२०’ मागतो, म्हणजे वीस टक्के चिकोरी. हल्ली डिकॉक्शन काळंकुट्ट उतरतं, पण कॉफीचा वास नाही, आणि तळाशी लगदा राहतो. चिकोरी जास्त आहे की फोलपट-बिलपट दळून घातलंय, हे घरच्या घरी कसं ओळखायचं? पाण्यात टाकून बघायची युक्ती ऐकलीय, ती कितपत खरी?

उत्तर:

पाण्याची युक्ती खरी आहे, पण ती ‘चिकोरी आहे का’ एवढंच सांगते. तुम्ही चिकोरी मागूनच घेता, त्यामुळे तुमच्याकडे ती ‘आहे’ असंच सांगणार. ‘किती आहे’ हे कळायला दुसरी एक चाचणी लागते. ती दिवसभराचं काम आहे आणि तिला साधनं म्हणून फक्त एक बारीक वजनकाटा आणि कागदी फिल्टर लागतात. फोलपट या दोन्ही चाचण्यांतून निसटू शकतं, म्हणून ते शेवटी डोळ्यांनी शोधायचं. अन्नपदार्थ तपासणाऱ्या प्रयोगशाळेत माझी सव्वीस वर्षं गेली. चहा, कॉफी आणि मसाले हेच माझं टेबल होतं. तिथे जे करायचो त्यातलं स्वयंपाकघरात जमेल तेवढंच इथे लिहिते.

आधी पेला. काचेचा सरळ उभा पेला घ्या, त्यात माठातलं किंवा साधं पाणी भरा आणि पाणी पूर्ण थांबू द्या. मागे पांढरा कागद उभा करा. पाव चमचा पूड बोटांच्या चिमटीतून बोटभर उंचीवरून पसरून भुरभुरा. ढीग पडू देऊ नका. ढवळायचं नाही, पेला हलवायचा नाही. आता डोळे पाण्याच्या पृष्ठभागाच्या लगेच खाली ठेवा आणि पहिला अर्धा मिनिट तिथून हलवू नका.

भाजलेल्या कॉफीचा कण तेलकट असतो आणि आतून स्पंजासारखा पोकळ असतो. भाजताना तयार झालेला वायू त्याच्या भोकांमध्ये अडकलेला असतो. त्याला पाणी लवकर भिजवत नाही, म्हणून तो तरंगतो आणि गार पाण्यात रंगही सावकाश सोडतो. चिकोरी हे मूळ आहे. त्यात इन्युलिन नावाची साखरेच्या जातीची गोष्ट भरपूर असते आणि भाजताना तिचं कॅरमल होतं. त्यात तेल जवळजवळ नसतं, आणि पाणी ती हावरटासारखं ओढते. त्यामुळे पाच-दहा सेकंदांत तिचा कण जड होऊन खाली निघतो, आणि जाताना त्याच्यामागे तपकिरी दोरा सुटतो. शाईच्या थेंबाला सुटतो तसा, पण बारीक आणि सरळ. एकेक कण आपापला दोरा घेऊन तळाला जातो. एकदा पाहिला की हा दोरा विसरता येत नाही.

बघायचा आहे तो दोरा. कण खाली गेला एवढ्यावरून काही ठरत नाही, आणि नेमकं इथेच बहुतेकांचं चुकतं. कॉफी खूप बारीक दळलेली असेल किंवा महिना-दीड महिना जुनी असेल, तर तिच्यातला वायू निघून गेलेला असतो आणि शुद्ध कॉफीची धूळसुद्धा खाली बसते. पण ती रंगाचा दोरा न सोडता, नुसतीच बसते. गरम पाणी घेतलंत तर कॉफीही पटकन भिजते, रंग सोडते, आणि चाचणीला काही अर्थ उरत नाही. मे महिन्यात दुपारी गच्चीवरच्या टाकीतून नळाला येणारं पाणीसुद्धा यासाठी चालत नाही, इतकं ते तापलेलं असतं.

ही चूक मी स्वतः केली आहे. नोकरीला लागून वर्षही झालं नव्हतं. घराजवळच्या एका दुकानातली ‘प्युअर’ कॉफी मी घाईघाईत कोमट पाण्यात टाकून पाहिली, पेला तपकिरी झाला, आणि मी दुकानात जाऊन चार गिऱ्हाइकांसमोर दुकानदाराला खोटं पाडलं. दुसऱ्या दिवशी तीच पूड टेबलावर नीट तपासली, तर तिच्यात चिकोरी नव्हती. पूड बारीक होती आणि गडद भाजलेली होती, एवढंच. मी परत जाऊन माफी मागितली. त्या माणसाचा पडलेला चेहरा अजून आठवतो. म्हणून कळकळीने सांगते: शुद्ध कॉफीचा दुसरा पेला शेजारी ठेवल्याशिवाय या चाचणीवरून कुणालाही काही बोलू नका.

शेजारच्या पेल्यासाठी शुद्ध कॉफी कुठून आणायची? भाजलेल्या अख्ख्या बिया शंभर ग्रॅम आणा आणि घरच्या मिक्सरमध्ये दळा. बिया डोळ्यांना दिसतात, त्यांत चिकोरी लपत नाही. मिक्सर मात्र आधी कोरडा आणि स्वच्छ करून घ्या. चहा गाळायच्या जाळीतून दोन्ही पुडी चाळा, म्हणजे दोन्हींचा दळ साधारण सारखा होईल. चाळून वर उरलेलं टाकू नका, ते पुढे लागणार आहे.

दोरा सोडणारं आणखीही काही असतं. बिया भाजताना साखर घातली तर तिचा काळा थर बियांवर चढतो, आणि तोही असाच रंग सोडतो. चुकून इन्स्टंट कॉफी मिसळली गेली असेल तर तीही दोरा सोडते. फरक ओळखायला पाच मिनिटांनी पेल्यातलं पाणी हलकेच ओतून द्या आणि तळाचा गाळ पांढऱ्या बशीत घ्या. साखर किंवा इन्स्टंट असेल तर ती विरघळून गेलेली असते, मागे काही राहत नाही. चिकोरीचा कण फुगून राहतो. तो नखाखाली दाबा: पाण्यात भिजलेल्या टोस्टसारखा तो चुरडतो आणि पेस्ट होते. कॉफीचा कण नखाखाली घसरतो, कडकच राहतो, आणि जोर दिला तर कुटकन मोडतो. तुम्ही ज्याला लगदा म्हणता आहात, तो मला वर्णनावरून या फुगलेल्या चिकोरीचाच वाटतो. चिकोरी जास्त झाली की फिल्टरची भोकंही बुजतात आणि डिकॉक्शन उतरायला वेळ लागतो. रात्री लावलेला फिल्टर सकाळी अर्धाच उतरलेला दिसत असेल, तर तोही त्याच बाजूचा पुरावा समजा. पावसाळ्यात आणखी एक खूण मिळते. आपल्याकडे जुलैमध्ये हवा इतकी दमट असते की चिकोरी जास्त असलेली पूड डब्यात ढेकळं धरते. नुसती कॉफी सहसा तशी धरत नाही.

आता ‘किती’चा हिशेब. याचा आधार अगदी साधा आहे. उकळत्या पाण्यात कॉफीचा थोडाच भाग विरघळतो, चिकोरीचा बराचसा. आपल्याकडच्या मानकात भाजलेल्या कॉफीचा पाण्यात उतरणारा अंश २६ ते ३५ टक्के धरला आहे, आणि चिकोरीचा तो किमान ५५ टक्के असावा लागतो; चांगल्या चिकोरीचा याहून बराच जास्त निघतो. म्हणजे दहा ग्रॅम पुडीतून विरघळणारं सगळं काढून टाकलं आणि उरलेला चोथा वाळवून तोलला, तर चोथा जितका कमी, तितकी चिकोरी जास्त.

पुस्तकातले आकडे मात्र थेट वापरू नका. आपल्याच घरात, आपल्याच भांड्यात, त्याच दिवशी तीन नमुने एकत्र करायचे: दळलेली शुद्ध कॉफी, नुसती चिकोरी, आणि तुमची पूड. जिथे मिश्रण करून देतात तिथे चिकोरीचा डबा वेगळा असतो, पन्नास ग्रॅम मागितली तर सहसा देतात. नाहीच मिळाली तर प्रमाण छापलेलं बंद पाकीट आणा. कॉफी-चिकोरीच्या पाकिटावर दोन्हींचे टक्के छापणं बंधनकारक आहे आणि कॉफी ५१ टक्क्यांच्या खाली चालत नाही, म्हणून तेही मोजपट्टी म्हणून चालतं.

वजनकाटा दागिने तोलायचा छोटा घ्या, ०.०१ ग्रॅम दाखवणारा. भाजीचा काटा इथे उपयोगाचा नाही. फिल्टर कागदीच घ्या. मलमलच्या फडक्यातून कॉफीची बारीक धूळ निघून जाते, चोथा कमी भरतो, आणि कॉफीची धूळ चिकोरीच्या नावावर जमा होते. वापरण्याआधी प्रत्येक कागद, चोथा वाळवणार त्याच जागी तासभर वाळवा, तोला, आणि वजन त्याच्यावर पेन्सिलीने लिहा.

दहा ग्रॅम पूड छोट्या पातेल्यात घ्या, दोनशे मिलिलिटर पाणी घालून पाच मिनिटं मंद उकळू द्या. खाली उतरवून गाळ बसू द्या, वरचं पाणी कागदातून गाळा, गाळ पातेल्यातच ठेवा. असंच पुन्हा नवं पाणी घालून करा. तिसऱ्या किंवा चौथ्या वेळी पाणी फिक्या चहासारखं येईल, तेव्हा सगळा गाळ कागदावर उतरवा आणि पातेलं विसळून तेही पाणी कागदावर घ्या. चिकोरीचा नमुना गाळायला फार वेळ घेतो, कागद बुजतो. त्याला घाई करू नका, चमच्याने खरवडलंत तर कागद फाटतो आणि सगळं पुन्हा करावं लागतं.

वाळवण्यावर सगळा खेळ आहे. ओव्हन असेल तर शंभर-एकशे पाच अंशांवर तीन तास ठेवा. नसेल तर कागद ताटात पसरून कडक उन्हात दिवसभर ठेवा, मग जाड तव्यावर ताट ठेवून अगदी मंद आचेवर अर्धा तास तापवा. करपू देऊ नका. तोला, पुन्हा अर्धा तास तापवा, पुन्हा तोला. दोन वजनं सारखी आली की वाळलं. ओलावा राहिला तर चोथा जड भरतो आणि लबाडी झाकली जाते. पावसाळ्यात ही चाचणी नुसत्या उन्हावर करायचा विचारच सोडा. चोथा तव्यावरून काढला की लगेच तोला, कारण तोही हवेतला ओलावा ओढतो.

मागच्या हिवाळ्यात सोसायटीतल्या काकूंसाठी हे केलं होतं. त्यांची तक्रार तुमच्यासारखीच होती, मागणीही ८०-२०चीच. शुद्ध कॉफीचा चोथा भरला ७.१ ग्रॅम, नुसत्या चिकोरीचा २.९. म्हणजे दोन टोकांत अंतर ४.२. काकूंच्या पुडीचा चोथा ५.४ भरला. तो शुद्धपेक्षा १.७ ने कमी, १.७ ला ४.२ ने भागलं की ०.४०, म्हणजे चाळीस टक्के चिकोरी. एकाच आकड्यावर मी विसंबत नाही, म्हणून पाकीट नीट हलवून पुन्हा दहा ग्रॅम घेतले. या वेळी ५.६ आले, म्हणजे छत्तीस टक्के. खरोखर वीस टक्के चिकोरी असती तर चोथा ६.२-६.३ यायला हवा होता.

या आकड्यांतून काय म्हणता येतं ते नीट समजून घ्या. ‘वीस टक्के नाही, त्याहून बरीच जास्त आहे’, हे ठामपणे म्हणता येतं. ‘छत्तीस की चाळीस’ हे नाही म्हणता येत. घरच्या वाळवणीत, गाळणीत, भाजण्याच्या फरकात पाच-सात टक्के इकडेतिकडे होतात. जास्त गडद भाजलेली कॉफी आणि हलकी भाजलेली कॉफी यांचे चोथेही थोडे वेगळे भरतात. म्हणून तुमचं उत्तर वीसच्या जागी पंचवीस आलं तर गप्प बसा. दुकानदार बहुधा खरं बोलतोय. पस्तीसच्या वर गेलं आणि दोनदा गेलं, तर बोलायला जागा आहे.

आता फोलपट. इथे वजनाची चाचणी नुसती कमी पडते असं नाही, ती फसवते. कॉफीच्या बीवर चार आवरणं असतात: बाहेरची फळाची साल, तिच्या आतला चिकट गर, मग पार्चमेंट म्हणतात ते कडक पिवळसर कवच, आणि अगदी बीला चिकटलेली चंदेरी पातळ साल. गर धुण्यात किंवा वाळण्यात जातो, उरलेल्यांतलं कवच आणि वाळकी साल हा मळ्यांवरचा आणि कॉफी सोलायच्या गिरण्यांमधला टाकाऊ माल. तो भाजून दळला की रंगाने कॉफीत मिसळून जातो. कवच लाकडासारखं असतं, पाण्यात त्यातलं फारसं काही उतरत नाही. म्हणजे चिकोरी चोथा कमी करते आणि कवच वाढवतं. दोन्ही घातलं तर ते एकमेकांना झाकतात.

हिशेब करून पाहा. अर्धी कॉफी, पाव चिकोरी, पाव कवच अशी पूड घेतली. कॉफीचा चोथा साडेतीन ग्रॅम, चिकोरीचा पाऊण, आणि कवचाचा जवळजवळ सगळाच, म्हणजे सव्वादोनच्या पुढे. बेरीज साडेसहाच्या वर जाते. वजनावरून वाटेल, ‘दहा-बारा टक्के चिकोरी, चांगली कॉफी आहे’. प्रत्यक्षात निम्मी पूडच कॉफी. असा एक नमुना माझ्या टेबलावर आला होता. पेल्यात दोऱ्यांचा पाऊस पडत होता आणि वजन मात्र जवळजवळ शुद्ध कॉफीचं येत होतं. पेला आणि काटा यांची भाषा जुळत नसेल, तर फोलपटाचा संशय घ्या. आणि पेल्यातही फोलपट वरच तरंगतं, त्यामुळे ‘वर राहिलं ते सगळं कॉफी’ हे गृहीत धरू नका.

आता तो वाळलेला चोथा आणि सुरुवातीला जाळीच्या वर उरलेली पूड, दोन्ही बाहेर काढा. विरघळणारं सगळं निघून गेल्यामुळे चोथ्यात आकार स्वच्छ दिसतात, म्हणून मी ताज्या पुडीपेक्षा चोथाच पसंत करते. पांढऱ्या कागदावर चमचाभर पातळ पसरा. शाळेच्या साहित्याच्या दुकानात मिळतं तसं भिंग घ्या. अप्पा बळवंत चौकात सहज मिळेल. फोनच्या कॅमेऱ्यातून जवळून फोटो काढून मोठा केला तरी चालतं. शेजारी तुमच्या शुद्ध कॉफीचा चोथा ठेवा.

कॉफीचा कण खड्यासारखा असतो: जाडसर, कोनेदार, तिन्ही बाजूंनी सारखाच. फोलपट चपटं असतं. कवचाचा तुकडा गवताच्या काडीच्या कपचीसारखा दिसतो, कडा सरळ, अंगावर उभ्या रेघा, आणि नखाने दाबला तर चुरडत नाही, वाकतो किंवा टिचतो. वाळक्या फळाच्या सालीचा तुकडा जास्त काळा, सुरकुतलेला आणि ओला झाला की चामड्यासारखा चिवट होतो. कागद थोडा तिरका धरून खालून टिचकी मारा, किंवा कोरडी पूड ताटलीत घेऊन सुपात धान्य पाखडतात तशी हलकेच उडवा. खडे घरंगळतात, चपटे तुकडे मागे राहतात किंवा कडेला गोळा होतात. आमच्या प्रयोगशाळेतल्या मावशी हे माझ्यापेक्षा सुरेख करायच्या; तांदूळ निवडून निवडून त्यांच्या हाताला चपटं आणि गोल यातला फरक ठाऊक होता.

इथे एक गोष्ट विसरू नका. चंदेरी साल चांगल्या कॉफीतही असते. बीच्या मधल्या चिरेत ती अडकलेली असते आणि भाजूनही पूर्ण निघत नाही. ती कांद्याच्या आतल्या पापुद्र्यासारखी पातळ, फिकट सोनेरी, फुंकरीने उडणारी. हलक्या भाजणीत आणि ‘चेरी’ म्हणून विकतात त्या न धुता वाळवलेल्या बियांच्या कॉफीत ती जास्त दिसते. ती पाहून भेसळ म्हणू नका. संशय घ्यायचा तो जाड, ताठ तुकड्यांचा, आणि तोही तुमच्या शुद्ध नमुन्याच्या चोथ्यापेक्षा ते ठळकपणे जास्त असतील तर. दहा-वीस तुकडे सगळीकडेच सापडतात. प्रत्येक चिमटीत सापडले तर मात्र ते चुकून आलेले नाहीत. आणि कुणी फोलपट पिठासारखं बारीक दळलं असेल तर भिंगाला ते दिसणार नाही. तिथे सूक्ष्मदर्शकच लागतो. त्याखाली फोलपटाच्या लांबट कडक पेशी आणि चिकोरीच्या मुळातल्या जाळीदार नळ्या वेगवेगळ्या ओळखू येतात.

चोथा हाताशी आहेच, तर जखमेवर लावायच्या आयोडिनचा एक थेंब त्यावर टाका. कॉफीत पिष्ट जवळजवळ नसतं आणि चिकोरीत तर इन्युलिन असतं, त्यामुळे दोन्हींवर आयोडिनचा पिवळा-तपकिरी रंगच राहतो. काही कण निळे-काळे झाले तर भाजलेली नाचणी, जव, हरभरा असं काही धान्य दळून घातलेलं आहे. आयोडीन डिकॉक्शनमध्ये टाकून उपयोग नाही, त्या काळोखात निळं काही दिसत नाही. धुतलेल्या चोथ्यावरच टाका. धान्य फारच करपवलं असेल तर रंग निळ्याऐवजी जांभळट-तपकिरी येतो आणि शंका राहते. चिंचोक्यासाठी धुण्याच्या सोड्याच्या पाण्याने लाल रंग बघायची एक चाचणी सांगतात. कॉफीच्या स्वतःच्या रंगामुळे घरी ती मला कधीच खात्रीची वाटली नाही, त्यामुळे ती करा असं मी सांगत नाही.

आकडे हातात आल्यावर काय करायचं? चिकोरी विषारी नाही, आणि प्रमाण सांगून ती विकणं गैरही नाही. कित्येक घरांना तिचा दाटपणा आवडतो. तुमचं नुकसान दोन गोष्टींचं आहे: कॉफीचे पैसे देऊन तुम्ही त्याहून खूप स्वस्त मूळ घेताय, आणि सकाळी ज्या कॅफिनसाठी कॉफी पिताय ते चिकोरीत अजिबात नसतं. पहिल्यांदा दुकानदाराशी एकट्यात, शांतपणे बोला. काकूंच्या बाबतीत असं निघालं की गल्ल्यावरचा नवा मुलगा ८०-२० आणि ६०-४० असे दोन्ही डबे एकाच चमच्याने काढत होता, आणि डब्यांवर चिठ्ठ्या नव्हत्या. मालकाने चिठ्ठ्या लावल्या. पुढच्या महिन्यात काकूंचा चोथा ६.२ आला.

बोलून उपयोग झाला नाही, किंवा फोलपट सापडलं, तर घरची चाचणी पुरावा म्हणून चालत नाही. अन्न सुरक्षा कायद्याच्या ४०व्या कलमाप्रमाणे ग्राहकाला स्वतः फी भरून अन्न विश्लेषकाकडून नमुना तपासून घेता येतो. अट अशी की नमुना तपासणीला देणार आहे हे विकत घेतानाच विक्रेत्याला सांगावं लागतं. घरी अर्धा वापरलेला डबा नेऊन हे होत नाही. नमुना दोषी निघाला तर फी परत मिळते. एवढं करायचं नसेल तर अन्न व औषध प्रशासनाच्या पुणे कार्यालयात लेखी तक्रार द्या आणि तिच्यात तुमचे तीन चोथ्यांचे आकडे, तारीख आणि पावती जोडा. आकडे असलेल्या तक्रारीवरून अधिकाऱ्याला नेमकं काय तपासायचं ते लगेच कळतं.

यापुढे अख्ख्या बिया निवडून समोर दळून घेणार असाल, तर एक गोष्ट नक्की करा. दुकानाच्या चक्कीत आधीच्या गिऱ्हाइकाचं मिश्रण नेहमी थोडं उरलेलं असतं, आणि बहुतेक वेळा ते चिकोरीचंच असतं. तुमच्या बियांतून पडणारी पहिली मूठभर पूड वेगळ्या कागदात घ्यायला सांगा आणि ती पिशवीत मिसळू नका. घरी आल्यावर ती मूठ आणि पिशवीतली पूड शेजारी-शेजारी दोन पेल्यांत भुरभुरा. पहिल्या पेल्यात दोरे आणि दुसऱ्यात नाहीत, असं दिसलं तर दुकान ठीक आहे, चक्की खराब आहे. दोन्हींत दोरे दिसले तर काटा काढा.